दुखतंय कपाळ, बिघाड मानेत

आजचा भाग ऐकताना स्क्रीनकडे बघायची काहीच गरज नाही. मोबाइल खिशात टाका आणि नुसतं ऐका. का ते पाच मिनिटांत कळेलच.

मागच्या वर्षी मला एक डोकेदुखी लागली होती. लागली म्हणजे अक्षरशः मागेच लागली. संध्याकाळी सुरू व्हायची ती मानगुटीवर, कवटी संपते आणि मान सुरू होते तिथे जो खळगा असतो ना, त्याच्या उजव्या बाजूला. आधी नुसतं जड वाटायचं. मग अर्ध्या-पाऊण तासात ते दुखणं कानाच्या मागून वर चढायचं आणि उजव्या भुवईच्या वर येऊन बसायचं. तिथे आलं की मग मानेचं कुणाला आठवतंय? मी सगळ्यांना सांगायचो, ‘कपाळ दुखतंय.’ आणि इथेच माझी चूक झाली. मी लक्षण जिथे दिसतंय तिथेच शोधत बसलो.

कपाळ दुखतंय म्हणून आधी डोळे तपासले. नंबर किंचित बदलला होता, नवा चष्मा केला, फरक शून्य. मग आईने फोनवर निदान केलं की हे सायनसच आहे. आठ दिवस वाफ घेतली. वाफेने नाक मोकळं झालं, डोकं तसंच. मग बाम, मग गोळी. गोळीने बरं वाटायचं, म्हणून गोळी चालू राहिली.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे तुम्हाला माहितीच आहे. ऑफिसात असं रोज होतं. पेमेंटच्या पानावर एरर दिसते, तीन जण पेमेंटच्या कोडमध्ये डोकं घालून बसतात, आणि शेवटी कळतं की गडबड लॉगिनच्या सर्व्हिसमध्ये होती, दोन्हींचे लॉग फक्त एकाच फाइलमध्ये पडत होते. तर मानेच्या डोकेदुखीत जवळजवळ हेच होतं. म्हणून मला तो भाग आधी सांगायचाय.

मानेतले सगळ्यात वरचे तीन मणके घ्या. त्यांच्या सांध्यांमधून, तिथल्या छोट्या स्नायूंमधून दुखण्याचे सिग्नल नेणाऱ्या नसा मज्जारज्जूत शिरतात. आता कपाळ, डोळ्याचा परिसर, चेहरा यांच्या संवेदना नेणारी नस वेगळीच आहे, तिला ट्रायजेमिनल नर्व्ह म्हणतात. ती मेंदूच्या तळाशी शिरते. पण गंमत अशी की तिच्या केंद्राची शेपटी खाली लोंबत लोंबत मानेच्या वरच्या भागापर्यंत येते. तिथे मानेच्या नसांचे सिग्नल आणि कपाळाचे सिग्नल एकाच पेशींवर येऊन पडतात. पुढे मेंदूला फक्त एवढंच कळतं की ‘या लाइनवर काहीतरी दुखतंय’. नेमकं कुठून आलं हे सांगता येत नाही, आणि तो कपाळाकडे बोट दाखवतो. हार्ट अटॅकमध्ये डावा हात दुखतो, तसाच हा प्रकार. कपाळाला काही झालेलं नसतं, पण दुखणं खोटं नसतं.

या डोकेदुखीला सर्व्हायकोजेनिक हेडेक म्हणतात, म्हणजे मानेत उगम असलेली डोकेदुखी. हे नाव १९८३ साली नॉर्वेचे न्यूरॉलॉजिस्ट ओटार शोस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलं. म्हणजे स्मार्टफोन यायच्या कितीतरी आधी. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘मोबाइलमुळे होणारा नवा आजार’ अशी हेडलाइन तुम्ही वाचली असेल. आजार जुनाच आहे. आपण त्याला फक्त रोज तीन-चार तासांची सोय करून दिलीय.

मला हे कळलं कसं, तर एका मित्राच्या सांगण्यावरून तीन आठवडे नोंद ठेवली. साधी नोट्समध्ये. तारीख, दुखायला किती वाजता लागलं, कुठून सुरू झालं, त्याआधीच्या दोन तासांत काय करत होतो, गोळी घेतली का. २१ दिवसांपैकी १३ दिवस डोकं दुखलं होतं. १३ पैकी १३ वेळा उजवीकडे. एकदाही डावीकडे नाही. आणि ११ वेळा त्याआधी मी पलंगावर मोबाइल घेऊन लांबलचक पडलेलो होतो. ऑफिसच्या दिवसभराच्या लॅपटॉपने नाही, रात्रीच्या मोबाइलने. हे मला अपेक्षित नव्हतं, कारण मी सगळा दोष ऑफिसच्या खुर्चीला देऊन मोकळा झालो होतो.

ही नोंद घेऊन मी आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि त्यांनी तपासून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, ‘पलंगावर कसे पडता, करून दाखवा.’ मी करून दाखवलं. माझ्या खोलीत चार्जिंगचा सॉकेट पलंगाच्या डाव्या बाजूला आहे आणि वायर आहे आखूड. त्यामुळे मी भिंतीला मान टेकवून, हनुवटी छातीत रुतवून, डोकं डावीकडे वळवून पडायचो. दीड तास, दोन तास, रोज. एका वायरीच्या लांबीने माझी मान ठरवली होती!

मग त्यांनी एक तपासणी केली, ती मला फार आवडली कारण तिच्यामागचा विचार एकदम स्वच्छ आहे. मला पाठीवर झोपवलं. मग माझं डोकं हातात धरून मान पूर्ण पुढे वाकवली, हनुवटी छातीला लागेल इतकी. त्या स्थितीत खालचे मणके जवळजवळ लॉक होतात. आता डोकं फिरवलं तर ते फिरतं मुख्यतः पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामधल्या सांध्यात. आपली मान जेवढी वळते त्यातलं साधारण निम्मं वळणं या एकाच सांध्यातून येतं. सर्वसाधारण माणसाचं डोकं या स्थितीत दोन्ही बाजूंना ४० ते ४५ अंश वळतं. माझं डावीकडे तेवढं वळलं. उजवीकडे मात्र साधारण २५ अंशांवर दार अडकल्यासारखं थांबलं, आणि मानगुटीत तीच ओळखीची कळ आली. ३२-३३ अंशांच्या आत अडकलं तर वरच्या मानेवर संशय घेतात.

मला वाटलं, झालं, निदान पक्कं. पण त्या म्हणाल्या, ‘एवढ्यावर पक्कं म्हणत नाही.’ आणि हे नीट ऐका, कारण अर्धे लोक इथे फसतात. मायग्रेनवाल्यांचीसुद्धा मान दुखते, अगदी बहुसंख्यांची. त्यामुळे ‘मान दुखते आणि डोकं दुखतं, म्हणजे मानेमुळे डोकं दुखतं’ हे गणित चुकीचं आहे. त्यांनी मला बरंच खोदून विचारलं. दुखताना उजेड सहन होत नाही का? मळमळतं का? जिना चढल्यावर ठणका वाढतो का? कधी डावीकडे, कधी उजवीकडे असं होतं का? या सगळ्याचं उत्तर हो असतं तर पारडं मायग्रेनकडे झुकलं असतं. माझं उलट होतं. कायम एकच बाजू, सुरुवात मागून, एकाच स्थितीत मान ठेवली की हमखास, मान वळवली की वाढणार, आणि वळण्यावर मर्यादा. ही सगळी चिन्हं एका दिशेला जात होती, म्हणून मानेवर उपचार करून बघायचं ठरलं. शंभर टक्के खात्री करायची तर त्या सांध्याजवळ बधिर करणारं इंजेक्शन देऊन दुखणं थांबतं का ते बघतात, पण ते सगळ्यांना लागत नाही. मलाही लागलं नाही.

एक्स-रे? मीही विचारलं. खरं तर माझ्याकडे एक होताच, मी स्वतःहून काढून घेतलेला. त्यावर लिहिलं होतं की मानेचा नैसर्गिक बाक कमी झालाय. ते वाचून मी रात्रभर झोपलो नव्हतो. मॅडमनी तो बघितला आणि बाजूला ठेवला. असा रिपोर्ट ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांचाही येतो. एक्स-रेमध्ये दुखणं दिसत नाही.

आता ते प्रसिद्ध चित्र. मान जितकी झुकवाल तितकं वजन वाढतं, ६० अंशांना २७ किलो! तुमच्या फॅमिली ग्रुपवर आलंच असेल. ते आकडे २०१४ साली न्यूयॉर्कच्या एका स्पाइन सर्जननी कॉम्प्युटर मॉडेल वापरून काढले होते. खऱ्या माणसांच्या मानेवर मोजलेले नाहीत. डोकं पुढे गेलं की मागच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं हे बरोबर आहे, साधं फिजिक्स आहे, डोक्याचं वजनच चार-पाच किलो असतं. पण त्यावरून ‘मान झुकवली की मणके झिजणार’ असं होत नाही. मान झुकण्यासाठीच केलेली आहे. माझं स्वतःचं मत असं झालंय की कोन किती यापेक्षा तुम्ही तिथे किती वेळ न हलता राहिलात, हे जास्त महत्त्वाचं. आजी दिवसभर भाकऱ्या थापताना, निवडटिपण करताना खालीच बघायची. पण ती दर दोन मिनिटांनी उठायची, कुणाला तरी हाक मारायची, मागे वळून बघायची. मी रीलवर दोन तास अंगठा सोडून काहीच हलवत नव्हतो.

उपचारात दोन गोष्टी होत्या. एक, मॅडम आठवड्यातून दोनदा हातांनी त्या सांध्याला हळूहळू मोकळं करायच्या. ती त्यांची विद्या, मी ती सांगू शकत नाही. दुसरी गोष्ट मात्र माझी होती, आणि दिसायला इतकी फालतू होती की मला पहिल्यांदा हसूच आलं.

पाठीवर झोपायचं, डोक्याखाली पातळ घडी केलेला टॉवेल, गुडघे वाकवलेले. आणि मग ‘हो’ म्हणतो तशी मान हलवायची. तेवढंच. डोकं उचलायचं नाही, टॉवेलवरून फक्त सरकवायचं, हनुवटी घशाकडे किंचित येईल इतकं. तिथे १० सेकंद धरायचं, सोडायचं, असं १० वेळा. दिवसातून दोनदा. मानेच्या आत, मणक्यांना अगदी चिकटून, काही बारीक स्नायू असतात. ते मान स्थिर धरतात. हे स्नायू ढिले पडले की बाहेरचे मोठे स्नायू त्यांचं काम अंगावर घेतात आणि थकतात. या व्यायामात आतल्यांना पुन्हा कामाला लावायचं असतं.

यात चुकतं कुठे ते सांगतो, कारण माझं पहिले चार दिवस चुकत होतं. मी जोर लावत होतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंना, कानामागून छातीच्या हाडापर्यंत जाणारा एक जाड दोरखंड असतो बघा, मान वळवली की दिसतो तो. व्यायाम करताना तिथे बोटं ठेवायची. तो टणक होऊन बाहेर आला, म्हणजे बाहेरचे स्नायू काम करतायत, आतले झोपलेत. मग जोर कमी करायचा. मॅडमकडे मानेखाली ठेवायची एक छोटी हवेची पिशवी होती, तिला काटा लावलेला. सुरुवात २० वर, मग २२, २४ असं करत ३० पर्यंत न्यायचं. रोज जिमला जाणारा मी, २२ वर थरथरत होतो. २४ ला दोरखंड बाहेर! शेजारच्या बाकावरच्या काकू, वय साठच्या पुढे, आरामात २८ धरून माझ्याकडे बघत होत्या.

या पद्धतीमागे चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या ग्वेन जुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेच्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींना हातांचे उपचार, काहींना असे हलके व्यायाम, काहींना दोन्ही, आणि काहींना यातलं काही नाही. सहा आठवडे. उपचार घेतलेल्या तिन्ही गटांची डोकेदुखी कमी झाली आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. म्हणजे नुसत्या व्यायामानेही काम झालं होतं. ज्यांना फिजिओकडे वारंवार जाणं परवडत नाही त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण पहिल्यांदा तरी कुणाकडून शिकून घ्या, कारण सांगितलं तसं, चुकीचं करणं फार सोपं आहे.

घरातली व्यवस्थाही बदलली. लांब वायर आणली, १८० रुपये. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त उपचार. मांडीवर उशी ठेवून तिच्यावर कोपरं टेकवायची, म्हणजे मोबाइल आपोआप वर येतो आणि हातही दुखत नाहीत. आणि २० मिनिटांचा टायमर. तो वाजला की उठून पाणी प्यायचं, मान दोन्हीकडे वळवायची. टायमर मी अनेकदा बंद करून पडून राहिलो, हेही सांगतो.

आता गोळ्या. मला वाटायचं मी ‘कधीतरीच’ घेतो. एकदा यूपीआयची हिस्टरी उघडून मेडिकलवाल्याला केलेली पेमेंट्स बघितली. दोन महिन्यांत चार स्ट्रिप्स. ४० गोळ्या, काही दिवशी दोन. म्हणजे महिन्याला १३ दिवसांच्या आसपास मी गोळी घेत होतो, आणि तीही दोन औषधं एकत्र असलेली. हे ऐकून डॉक्टर गंभीर झाले. ज्यांना मुळात डोकेदुखी आहे अशांनी साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि अशी एकत्र औषधांची गोळी १० किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांच्या वर घेतली तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मग दुखतं म्हणून गोळी, गोळीमुळे दुखणं. मी दोन महिन्यांवर होतो, थोडक्यात वाचलो. तुम्हीही एकदा तुमची हिस्टरी बघा. मात्र बरेच दिवस रोज घेत असाल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून बंद करा.

एक गोष्ट मी केलेली आहे आणि तुम्ही करू नये अशी आहे. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर काका विचारतात, ‘मान मोडू का?’ आणि एका झटक्यात कडकड. क्षणभर स्वर्ग. मला तर वाटायचं हाच उपाय आहे. फिजिओ मॅडमनी मला शांतपणे समजावलं की मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या याच वरच्या मणक्यांतल्या भोकांमधून वळसे घेत जातात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि त्यातून अर्धांगवायू होऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं, आणि तरुण माणसांनाही होतं. आता काकांना मी फक्त चंपी सांगतो.

आणि त्याच कारणासाठी, मंडळी, प्रत्येक मान-डोकेदुखीला मोबाइलच्या खात्यात टाकू नका. आयुष्यात कधी झालं नव्हतं असं दुखणं एकदम, सेकंदांत शिगेला पोचलं; मान अचानक नव्याने दुखायला लागली आणि सोबत एक पापणी खाली आली, दोन-दोन दिसायला लागलं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे वाटले, चालताना तोल गेला; ताप आहे आणि मान ताठ झालीय; डोक्याला मार लागल्यावर सुरू झालंय, यातलं काहीही असेल तर फिजिओ नाही, व्यायाम नाही, सरळ हॉस्पिटलची इमर्जन्सी. आणि घरात पन्नाशी ओलांडलेल्या कुणाला पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली असेल, तर त्यांना हा भाग ऐकवण्याआधी डॉक्टरांकडे न्या.

माझं पुढे काय झालं? पहिल्या दोन आठवड्यांत काहीही नाही. उलट मान जास्त भरून आली आणि मी जवळजवळ सोडून देणार होतो. तिसऱ्या आठवड्यात दुखणं मानगुटीत सुरू व्हायचं, पण कपाळापर्यंत पोचायचं नाही, कानामागेच विरून जायचं. सहा आठवडे झाल्यावर पुन्हा २१ दिवस नोंद ठेवली. १३ चे ४ झाले होते, आणि गोळी एकदाच घेतली. उजवीकडे मान आता ३८-४० अंश वळते. पार्किंगमध्ये गाडी रिव्हर्स घेताना मला कळलं, की वर्षभर मी मान नाही, अख्खं धड वळवून मागे बघत होतो.

पूर्ण गेलंय असं मात्र नाही. मागच्या महिन्यात बसने गावी जाताना सात तास मालिका बघितली, मोबाइल मांडीवर, आणि उतरायच्या आधीच मानगुटीत तो पाहुणा हजर. आईने दारातच विचारलं, ‘काय रे, सायनस का परत?’ मी चटई टाकली, टॉवेलची घडी केली आणि हॉलमध्येच ‘हो-हो’ करत पडलो. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘माझं पण दुखतं इथे मागे, रात्री फोन बघून झाला की.’ तिला पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जातोय. तिचं वय ५४ आहे, त्यामुळे टॉवेल नंतर, आधी तपासणी.

तुमच्या नोंदी काय सांगतात ते मला कळवा. कुठून सुरू होतं, कोणती बाजू, आणि हो, तुमचा चार्जिंगचा सॉकेट पलंगाच्या कोणत्या बाजूला आहे तेही. भेटू पुढच्या भागात.